वरच्यांचं बाथरूम, खालच्यांचं छत

बाथरूमच्या गळतीवरून दोन मजल्यांत होणारी भांडणं बहुधा पैशांपासून सुरू होतात आणि तिथेच अडकतात. खालचे म्हणतात, पाणी तुमचं तर खर्चही तुमचा. वरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे, तुमचं छत तुम्ही बघा. पाणी नेमकं कुठून येतंय हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून अशी बरीच प्रकरणं माझ्यासमोर आली. त्यातली जी धड मिटली, त्यांत एक गोष्ट सारखी होती. कारण सापडायच्या आधीच, कोणतं कारण निघालं तर कोणी किती द्यायचे हे कागदावर ठरलेलं होतं. कारण सापडल्यावर वाटणीची बोलणी सुरू केली, की ज्याच्या अंगाशी येतं तो तपासणीच खोटी ठरवतो.

डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीतलं प्रकरण सांगतो. इमारत १९९४ सालची. २०३ नंबरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या छताला, डक्टच्या बाजूच्या कोपऱ्यात, बशीएवढा डाग उमटला. कडेला चहासारखी तपकिरी रेघ, मध्ये रंगाचे पापुद्रे आणि त्यावर पांढरे क्षार. महिना फेब्रुवारीचा, त्यामुळे पावसाचं पाणी भिंतीतून येत असेल ही शंका आपोआप बाजूला पडली. जुलैमध्ये डाग दिसला असता तर हे इतकं सोपं नव्हतं.

२०३ मधल्या गृहस्थांनी लगेच जिना चढून वर जायचं टाळलं. त्यांनी पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली आणि मोबाइलवर फोटो काढला. दर रविवारी नवी रेघ, नवी तारीख. तीन-चार आठवड्यांत छतावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं तयार झाली आणि डाग वाढतोय हे वाद घालण्यापलीकडे गेलं. थेंब कधी पडतो याचीही त्यांनी नोंद ठेवली. ही नोंद फार कामाची असते. नळाच्या लाइनमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं, म्हणून ती फुटली तर थेंब दिवसरात्र सारखाच पडतो. सांडपाण्याचा पाइप किंवा फरशी गळत असेल तर वरच्यांच्या अंघोळी झाल्यावर, काही तासांनी, ओल वाढते. इथे ओल दुपारी वाढायची आणि पहाटे कमी व्हायची.

यापुढचं समजायचं तर आपण ज्या फरशीवर उभे राहून अंघोळ करतो तिच्या खाली काय असतं ते पाहावं लागेल. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली बुडवलेला असतो, जुन्या इमारतींत साधारण आठ ते बारा इंच. त्या खड्ड्यात नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप बसवतात, स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर देतात, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि शेवटी टाइल्स. म्हणजे टाइलच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी लगेच खाली उतरत नाही. ते आधी कोब्यात मुरतं. विटा पाणी पितात, खड्डा हळूहळू भरतो आणि वॉटरप्रूफिंगच्या थराला जिथे तडा असेल तिथून पाणी स्लॅबमध्ये शिरतं. वरच्यांची फरशी कोरडी दिसते ती यामुळेच. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या पायाखाली बादल्याच्या बादल्या पाणी साठलेलं असू शकतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

डाग गळतीच्या बरोबर खाली असेलच असंही नाही. पाणी स्लॅबमधल्या सळीच्या कडेने किंवा तड्यातून सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे खाली येतं. त्यामुळे छताकडे बोट दाखवून “तुमच्या कमोडच्या खालीच आहे बघा” म्हणण्यात काही अर्थ नसतो.

वर ३०३ मध्ये एक निवृत्त जोडपं राहत होतं. खालच्या गृहस्थांनी पत्र लिहिलं आणि माझ्याकडे दाखवायला आणलं. पहिल्या मसुद्यात “आपल्या निष्काळजीपणामुळे” असा शब्द होता आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा विचारही होता. दोन्ही गोष्टी मी काढायला लावल्या. ग्रुपवर फोटो पडला की वरच्यांना चाळीस घरांसमोर आपली बाजू लढवावी लागते, आणि माणूस एकदा लढायला उभा राहिला की दार उघडत नाही. शेवटी जे पत्र गेलं ते असं:

“ती. काका-काकूंना सा. न.

आमच्या बाथरूमच्या छताला, डक्टच्या बाजूला, फेब्रुवारीपासून ओल येत आहे. तारखांसहित फोटो सोबत जोडले आहेत. पाणी कुठून येतंय ते आम्हाला माहीत नाही. ते बाहेरच्या पाइपचं असेल, नळाच्या लाइनचं असेल किंवा जुनं वॉटरप्रूफिंग संपलं असेल. म्हणून आपण दोघांनी मिळून एकदा नीट तपासून घ्यावं, अशी विनंती आहे.

तपासणीसाठी काम घेणारा ठेकेदार न बोलावता फक्त फी घेऊन पाहणारा इंजिनिअर बोलवू. त्याची फी निम्मी-निम्मी, निष्कर्ष काहीही निघो. तुमच्या सोयीचा रविवार सांगा. सेक्रेटरींनाही थांबायला सांगतो.

खर्चाबद्दल आत्ताच ठरवून ठेवू या, म्हणजे नंतर कुणाला अवघड वाटायला नको. डक्टमधला सामायिक पाइप निघाला तर सोसायटीकडे जाऊ. तुमच्या बाथरूममधला नळ, आतली लाइन किंवा नंतर बदललेलं फिटिंग निघालं तर ते तुम्ही करावं. मूळचं वॉटरप्रूफिंग खराब झालं असेल तर तोडकाम, वॉटरप्रूफिंग, ट्रॅप आणि साध्या टाइल्स यांचा खर्च अर्धा-अर्धा. आमच्या छताचं प्लास्टर आणि रंग आम्ही आमचा करू.

काम निघालं तर तुमचं बाथरूम आठ-दहा दिवस बंद राहील. तेवढे दिवस आमचं बाथरूम सकाळी सात ते नऊ तुमच्यासाठी मोकळं ठेवू. काकूंचे गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, एकच मजला उतरायचा आहे, तरी मुलगा सोबतीला येईल.

पंधरा दिवसांत कळवाल तर पावसाआधी सगळं उरकेल.”

या पत्रातला शेवटून दुसरा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरचे लोक टाळाटाळ करतात त्यामागे पैसा असतोच, पण त्याहून मोठी धास्ती असते ती घर उकरलं जाण्याची. धूळ, रॅबिट, मजुरांची ये-जा आणि आठ दिवस अंघोळ कुठे करायची हा प्रश्न. वयस्क माणसांच्या घरात हे फारच जड जातं. ती अडचण कुणी आपणहून बोलून दाखवत नाही, त्याऐवजी “आमच्याकडे काही गळत नाही” एवढंच ऐकू येतं. पत्र मिळाल्यावर तीन दिवसांनी काका खाली आले. “रविवारी दहा वाजता चालेल का?” एवढंच म्हणाले.

फक्त फी घेणारा इंजिनिअर हवा, हा आग्रह उगाच नव्हता. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार फुकट पाहणी करतो, पण त्याचं निदान बहुतेकदा “सगळं उकरावं लागेल” हेच असतं. जिथे दोनशे रुपयांचा वॉशर पुरतो तिथे पन्नास हजारांचं काम निघतं.

त्या रविवारी दोन्ही घरातले लोक, इंजिनिअर, प्लंबर आणि मी असे जमलो. तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवला होता. एका वेळी एकाच जागेत पाणी सोडायचं, नाहीतर थेंब कुणाचा ते कळत नाही. आधी डक्टमध्ये वाकून बाहेरचे पाइप बघितले. बिडाचा जुना पाइप होता, पण सांधे कोरडे. मग प्लंबरने बाथरूमच्या नळाच्या लाइनला हातपंप लावून दाब दिला आणि अर्धा तास गेजचा काटा बघत बसलो. काटा हलला नाही, म्हणजे आतली लाइन ठीक होती. त्यानंतर कमोडमध्ये हिरवा खाण्याचा रंग टाकून पाच-सहा वेळा फ्लश केला. नहाणी ट्रॅपमध्ये लाल रंगाचं पाणी नळीने थेट आत सोडलं, फरशीला लागू न देता. खाली छतावर पांढरं कापड दाबून धरलं होतं. दोन तासांत कापडावर काही उतरलं नाही.

इथे घाई करून चालत नाही. कोबा पाणी शोषतो, तसा रंगही थोडाफार गाळून घेतो. म्हणून रंग खाली दिसला तर तो पुरावा समजावा, पण दोन तासांत दिसला नाही म्हणून कुणाची सुटका झाली असं होत नाही. इंजिनिअरने मग शेवटची आणि खरी चाचणी लावली. नहाणी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद केलं, उंबऱ्याशी मातीचा बांध घातला आणि फरशीवर निळा रंग घातलेलं इंचभर पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली. शेजारीच पाण्याने भरलेलं एक स्टीलचं पातेलं ठेवलं आणि त्याच्या आतही खूण केली. पाणी वाफेनेही कमी होतं ना, मग फरशीवरचं पाणी नुसतं उडालं की मुरलं हे पातेल्याकडे पाहून कळतं.

चोवीस तासांनी पातेल्यातली पातळी जेमतेम हलली होती. फरशीवरचं पाणी मात्र जवळजवळ अर्धा इंच उतरलं होतं. काका बराच वेळ त्या दोन खुणांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या कापडावर फिकट निळा ठिपका आला. त्यानंतर वाद उरला नाही. ट्रॅपच्या कडेचा सांधा उघडला होता आणि टाइल्समधलं सिमेंट जागोजागी झिजलं होतं.

आता खरी परीक्षा वाटणीची होती, कारण मध्ये एक पेच निघाला. काकांनी काही वर्षांपूर्वी जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवल्या होत्या. मग हे “नंतर बदललेलं फिटिंग” धरायचं का? इंजिनिअरने कोपऱ्यातली एक टाइल काढून पाहिली. खालची जुनी टाइल तडकलेली होती आणि तिच्या खालचा कोबा चिंब होता. त्याने लिहून दिलं की टाइलवर टाइल लावल्याने गळती झालेली नाही, आणि थांबलेलीही नाही. मूळचा थरच आयुष्य संपवून बसला आहे. त्यामुळे अर्धा-अर्धाची अट लागू झाली. काकांनी तेव्हा भिंत फोडून नळ हलवले असते किंवा सोसायटीच्या परवानगीशिवाय कमोडची जागा बदलली असती, तर माझं मत वेगळं पडलं असतं.

काम ठरलं ते एकूण अठ्ठेचाळीस हजारांचं. त्यात तोडकाम आणि रॅबिट उचलायचे ६,०००, वॉटरप्रूफिंग आणि कोब्याचे १८,०००, नवा ट्रॅप आणि पाइपचे ७,०००. टाइल्स आणि त्या बसवण्याचे १७,००० झाले, पण काकूंना थोड्या महागाच्या टाइल्स आवडल्या होत्या. म्हणून साध्या टाइल्सचा खर्च ९,००० धरला आणि तेवढाच सामायिक मानला. म्हणजे सामायिक रक्कम ४०,००० झाली, प्रत्येकी २०,०००, आणि वरचे ८,००० काकांचे. इंजिनिअरची तीन हजार फी आधीच निम्मी झाली होती. आकडे शहरागणिक आणि बाथरूमच्या आकारागणिक बदलतील. वाटणीची रीत मात्र घेण्यासारखी आहे, कारण “आमच्या टाइल्स तुमच्यामुळे फुटल्या” हा नेहमीचा फुणगा त्यात उगवतच नाही.

खालच्यांनी का म्हणून अर्धे द्यायचे, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बाहेरचे पाइप, गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाची गळती ही सोसायटीची जबाबदारी धरली आहे. संडास, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीचा खर्च मात्र वास्तुविशारदाच्या सल्ल्याने संबंधित फ्लॅटधारकांनी सोसायचा आहे. “संबंधित” म्हणजे एक की दोघे, यावरच सगळी ओढाताण चालते. पुष्कळ सोसायट्या निम्मा-निम्मा खर्च करून मोकळ्या होतात, कारण वरच्यांची जमीन आणि खालच्यांचं छत हा एकच स्लॅब आहे. मला हा तोडगा पटतो, पण केवळ जुनेपणामुळे झालेल्या गळतीपुरताच. फुटका नळ वर्षभर तसाच ठेवणाऱ्याला अर्धे पैसे देणं म्हणजे सज्जनपणाचा दंड भरणं झालं.

वरच्यांनी दारच उघडलं नाही तर? मग पत्राची प्रत सोसायटीकडे द्यावी. आगाऊ सूचना देऊन दुरुस्तीच्या गरजेसाठी फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी सेक्रेटरी आणि कमिटी सदस्याला दिलेला आहे, आणि सभासदाने ती करू द्यायची असते. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर पत्र मालकाच्या नावे जायला हवं, भाडेकरूशी हुज्जत घालून काही साधत नाही. एवढ्यावर भागलं नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करता येतो. तिथे ते तारखांचे फोटो आणि तो शांतपणे लिहिलेला कागद उपयोगी पडतात. पण दावा निकाली निघेपर्यंत छत थांबत नाही. पाणी सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. डागात तपकिरी रेघेऐवजी विटकरी गंजाचे ओघळ दिसू लागले, किंवा काठीने ठोकल्यावर छत पोकळ वाजलं, तर ते प्रकरण रंगाच्या पलीकडे गेलं आहे असं समजावं.

दाराची कुलपं उघडत नाहीत म्हणून काही जण खालूनच छताला भोकं पाडून रसायनाचं इंजेक्शन देतात. थेंब थांबतो हे खरं, पण वरच्या खड्ड्यातलं पाणी तिथेच राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारच्या तड्यातून खाली येतं. तात्पुरती सोय म्हणून करावं, दुरुस्ती म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत. वरून टाइल्सचे सांधे इपॉक्सीने भरून घेणं हा स्वस्त उपाय तेव्हाच चालतो, जेव्हा गळती नवी असते आणि कोबा अजून चिंब झालेला नसतो.

३०३ मध्ये कोबा थेट स्लॅबपर्यंत काढला. मजूर ओल्या विटांच्या गोण्या भरभरून खाली नेत होते आणि जिन्यावर पाण्याचे ओघळ पडत होते. स्लॅब घासून, तडे भरून, सिमेंट-पॉलिमरचे दोन हात दिले, दुसरा हात पहिल्याला आडवा. कोपऱ्यात जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे सिमेंटची गोलाई केली आणि लेप भिंतीवर फूटभर चढवला, कारण सांधा तुटतो तो नेमका तिथेच. लेप वाळल्यावर, कोबा घालायच्या आधी, उघड्या स्लॅबवर पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवलं. ही चाचणी ठेकेदाराला आवडत नाही, दोन दिवस मोडतात म्हणून. पण एकदा कोबा आणि टाइल्स पडल्या की चूक शोधायला पुन्हा सगळं फोडावं लागतं. म्हणून पैशाचा शेवटचा हप्ता या चाचणीला आणि टाइल्स लावल्यानंतरच्या दुसऱ्या चाचणीला बांधलेला होता.

काम संपल्यावर आठवडाभर खाली थेंब चालूच राहिले आणि खालचे गृहस्थ घाबरले. स्लॅबने वर्षभर प्यायलेलं पाणी उतरायला वेळ लागतो. आपण फक्त प्रत्येक रविवारची पेन्सिलीची रेघ बघायची, डाग तिच्या आत सरकतोय की नाही. तिसऱ्या आठवड्यात तो सरकू लागला. रंग मात्र त्यांनी दिवाळीच्या तोंडावर दिला. ओल्या छतावर लगेच रंग मारला तर महिन्यात पापुद्रे येतात, आणि मग गळती पुन्हा सुरू झाली असा विनाकारण संशय वर चढतो.

ठेकेदाराकडून पाच वर्षांची लेखी हमी दोन्ही फ्लॅटच्या नावे घेतली, कारण त्रास होईल तो खाली आणि दुरुस्ती होईल ती वर. त्या कागदात त्याने एक अट घातली होती: बाथरूममध्ये अॅसिड वापरायचं नाही. अॅसिड टाइलचा डाग काढतं आणि सोबत सांध्यातलं सिमेंटही खातं. काकूंनी पंधरा वर्षं दर शनिवारी अॅसिडने फरशी घासली होती. आता त्या कपड्याचा साबण आणि ब्रश वापरतात, आणि फरशी पूर्वीसारखी चमकत नाही अशी तक्रार करतात.